शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फाउंड्री उद्योजकांना खुले पत्र: बॅनरसाठी नाही, रिजेक्शनसाठी प्रायोजक व्हा

प्रति,
कोल्हापूर परिसरातील सर्व फाउंड्री आणि मशीनशॉप उद्योजक,

सप्रेम नमस्कार.

येत्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयाचा यंत्र अभियांत्रिकी विभाग कास्टिंगमधील दोषांवर दोन दिवसांची परिषद घेतो आहे. तिच्यासाठी आम्हाला तुमच्याकडून पैसे हवे आहेत. ते किती, कशासाठी आणि बदल्यात तुम्हाला काय मिळेल, एवढे सांगण्यासाठी हे पत्र आहे. मी या परिषदेची समन्वयक आहे. शिकवायला लागण्याआधी चार वर्षे मी एका फाउंड्रीत क्वालिटीला होते, त्यामुळे प्रायोजकत्वाची पत्रे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिली आहेत.

कॉलेजचे पत्र कारखान्यात कसे येते ते तुम्हाला माहीत आहे. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी दोन मुले गुळगुळीत कागदाचे ब्रोशर घेऊन ऑफिसात येतात. त्यात प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असे तीन रकाने असतात. फरक एवढाच, की कुणाचा लोगो मोठा आणि कुणाचा लहान. मालक ओळखीखातर पाच हजारांचा चेक देतात, कार्यक्रमाच्या दिवशी एक पुष्पगुच्छ मिळतो आणि चाळीस लोगोंच्या गर्दीत आपले नाव शोधावे लागते. तीन वर्षांपूर्वी आमच्याच विभागाने असेच केले होते. कार्यक्रमानंतर एका प्रायोजकांना भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, पैशाचं काही नाही, पण माझं कास्टिंग घेणारा माणूस तुमच्या हॉलमध्ये बसलेलाच नव्हता.” ते खरे होते. हॉलमध्ये दोनशे विद्यार्थी होते आणि त्यांच्यापैकी कुणीही पंपाचे केसिंग विकत घेणार नव्हते.

म्हणून यंदा आम्ही लोगो विकत नाही. तुमच्या एका कास्टिंगच्या रिजेक्शनवर दहा आठवडे काम करून त्याचा लेखी अहवाल तुमच्या हातात देणे, हे आम्ही विकतो आहोत. परिषद हा त्या कामाचा शेवटचा टप्पा असेल.

हे कसे चालते ते गेल्या वर्षीच्या एका कामावरून सांगते. कारखान्याचे नाव सांगणार नाही, तसा आमचा शब्द आहे.

एका मध्यम फाउंड्रीत ग्रे आयर्नचे नऊ किलोचे पंप केसिंग निघते, महिन्याला साधारण दोन हजार. आतली पोकळी सीओटू कोअरने तयार होते. पावसाळ्यात या केसिंगचे रिजेक्शन नऊ टक्क्यांवर गेले होते. वाईट गोष्ट अशी, की दोष फेटलिंगला दिसत नव्हता. मशीनशॉपमध्ये बोअर काढल्यावर आतल्या भिंतीच्या वरच्या बाजूला वाटाण्याएवढी भोके उघडी पडत. म्हणजे धातू वितळवला, मोल्ड केला, ओतला, साफ केला, मशीनवर चढवला आणि मग तो स्क्रॅपमध्ये गेला.

ब्लो होल म्हटले की पहिला संशय सँडमधल्या पाण्यावर जातो. तिथेही तसेच झाले. सँड मिलवरच्या माणसाला पाणी कमी करायला सांगितले गेले आणि मॉइश्चर ३.८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांपर्यंत खाली आणले. भोके कमी झाली नाहीत. उलट सँड कोरडी पडून मोल्डच्या कडा झडू लागल्या, सँड इन्क्लुजन वाढले आणि एका दोषाचे दोन झाले.

आमची दोन मुले तिथे गेली तेव्हा त्यांनी आधी रिजेक्शनचे रजिस्टर मागितले. ते व्यवस्थित ठेवलेले होते, रोजच्या रोज लिहिलेले. तारीख, हीट नंबर, आणि पुढे ‘ब्लो होल – १४’. पण ती चौदा भोके कास्टिंगवर नेमकी कुठे होती, हे कुठेच नव्हते. तुमच्यापैकी बहुतेकांच्या रजिस्टरमध्ये ते नसेल. शिफ्ट संपताना वीस कास्टिंग बाजूला काढणाऱ्या माणसाला तेवढा वेळ नसतो, त्यात त्याचा दोष नाही. पण निदानाचा अर्धा भाग त्या जागेतच असतो.

मुलांनी केसिंगच्या ड्रॉइंगची झेरॉक्स काढली, तिच्यावर घड्याळाच्या तबकडीसारखे बारा भाग पाडले आणि रोजच्या प्रत्येक रिजेक्ट कास्टिंगमधले भोक जिथे असेल तिथे लाल टिंब द्यायला सुरुवात केली. दहा दिवसांत कागद बोलू लागला. जवळजवळ सगळी टिंबे कोअरच्या वरच्या अंगाला, अकरा ते एकच्या मध्ये जमली होती. मोल्डच्या सँडमधल्या पाण्यामुळे भोके पडली असती तर ती बाहेरच्या पृष्ठभागाजवळ आणि विखुरलेली दिसली असती. शिवाय ही भोके कापून पाहिली तर आतून गुळगुळीत आणि चकचकीत होती. श्रिंकेजची पोकळी आतून खरखरीत असते, तिच्यात स्फटिकांच्या फांद्या दिसतात. म्हणजे हा वायू होता आणि तो कोअरमधून येत होता.

सीओटू कोअरमध्ये सोडियम सिलिकेट असते. हवेत दमटपणा असेल तर ठेवलेला कोअर पाणी शोषत राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कोअर शॉपच्या पत्र्याखाली दोन-तीन दिवस पडलेला कोअर हाताला कोरडा लागतो, पण आतून ओल धरलेला असतो. तेराशे अंशांच्या पुढचा धातू त्याला भिडला की त्या ओलीची क्षणात वाफ होते. ती व्हेंटमधून आणि कोअर प्रिंटमधून बाहेर पडायला हवी. इथे मुलांना दुसरी गोष्ट सापडली. व्हेंट आधी पाडले जात होते आणि ग्रॅफाइट वॉश नंतर लावला जात होता. त्या वॉशने अनेक व्हेंटची तोंडे बुजत होती. वाफेला वाट उरली नाही, की ती धातूत शिरते. तोवर वरचा थर गोठायला लागलेला असतो आणि बुडबुडा तिथेच अडकतो.

हे सगळे पटण्यासारखे होते, पण सिद्ध झालेले नव्हते. मालकांना प्रॉडक्शन थांबवायचे नव्हते आणि ते योग्यच होते. म्हणून असे ठरले, की सहा दिवस पहिल्या पाळीत तीन दिवसांचे जुने कोअर वापरायचे आणि दुसऱ्या पाळीत त्याच दिवशीचे ताजे. पुढचे सहा दिवस उलट करायचे, म्हणजे फरक पाळीतल्या माणसांमुळे पडला असे कुणाला म्हणता येणार नाही. कास्टिंगवर तारीख आणि पाळीचा अंक आधीपासूनच उमटत होता, त्यामुळे मशीनशॉपमध्ये कुठले केसिंग कुठल्या कोअरचे ते कळत होते. बारा दिवसांच्या शेवटी जुन्या कोअरच्या ४८० केसिंगमधून ५२ रिजेक्ट झाली होती आणि ताज्या कोअरच्या ४८० मधून १७.

उपाय तीन होते आणि एकालाही मोठा खर्च नव्हता. पावसाळ्यात एका दिवसापेक्षा जुना कोअर तसाच वापरायचा नाही, उरला असेल तर ओव्हनमध्ये पुन्हा तापवून घ्यायचा. वॉश वाळल्यावर तारेने व्हेंट परत उघडायचे. आणि कोअरच्या रॅकवर खडूने तारीख घालायची, म्हणजे आधी केलेला आधी जाईल. सँडचे मॉइश्चर पूर्वीच्या जागी आणले. सप्टेंबरअखेर रिजेक्शन चार टक्क्यांच्या आसपास स्थिरावले.

या घसरणीचे सगळे श्रेय आम्ही घेत नाही. सप्टेंबरअखेर पाऊसही ओसरत होता आणि त्याचा वाटा त्यात नक्की आहे. म्हणून अहवालात आम्ही महिन्याच्या टक्केवारीवर भर दिला नाही. बारा दिवसांची तुलना पुढे ठेवली, कारण तिच्यात दोन्ही प्रकारचे कोअर त्याच हवेत, त्याच सँडमध्ये आणि त्याच धातूखाली होते. उरलेल्या चार टक्क्यांचे कारण आम्हाला सापडलेले नाही, हेही त्यात लिहिले.

पैशाचा हिशोब मालकांनी स्वतः केला. रिजेक्ट झालेल्या केसिंगचा धातू परत भट्टीत जातो, त्यामुळे तो पूर्ण तोटा नसतो. पण पुन्हा वितळवण्याची वीज, मोल्डिंग, कोअर, फेटलिंग आणि मशीनिंग परत येत नाही. त्यांनी तो आकडा केसिंगमागे ३८० रुपये धरला. महिन्याला शंभर केसिंग वाचली तर ३८ हजार. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दीड लाखाच्या पुढे.

त्या कामासाठी आम्ही त्यांच्याकडून काहीही घेतले नव्हते, कारण तो दोन मुलांचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. यंदा असे बारा कारखाने एकाच वेळी घ्यायचे आहेत आणि ते कॉलेजच्या नेहमीच्या पैशातून होत नाही.

आता खर्च. एकूण अंदाज ६ लाख २० हजारांचा आहे. त्यातला एक मोठा भाग, १ लाख ४५ हजार, विद्यार्थ्यांना दहा आठवडे कारखान्यांत नेण्या-आणण्याचा आणि त्यांच्या सेफ्टी शूज, हेल्मेट, चष्म्यांचा आहे. दीड लाख कास्टिंग कापणे, पॉलिश करणे, डाय पेनिट्रंट आणि बाहेरच्या प्रयोगशाळेतल्या रासायनिक तपासण्यांसाठी. आमच्याकडे मायक्रोस्कोप, हार्डनेस टेस्टर आणि सँड लॅब आहे, स्पेक्ट्रोमीटर नाही. त्यामुळे केमिस्ट्री बाहेरून करून घ्यावी लागते. बाहेरगावच्या चार तज्ज्ञांचा प्रवास, मुक्काम आणि मानधन १ लाख १० हजार. दोन दिवसांचे जेवण-चहा १ लाख १५ हजार. उरलेला एक लाख अहवालांची छपाई, मंडप आणि ध्वनिव्यवस्थेचा. यांपैकी १ लाख २० हजार महाविद्यालय देते आहे आणि नोंदणी शुल्कातून ६० हजार येतील. तुमच्याकडून हवे आहेत ते ४ लाख ४० हजार.

ते तीन प्रकारे मागतो आहोत.

पंधरा हजारांत बारा कारखाने. हा आमचा मुख्य गट आहे आणि लहान फाउंड्री डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. तुम्ही एक कास्टिंग आणि एक दोष निवडायचा. आमचे दोन विद्यार्थी ऑक्टोबरच्या मध्यापासून आठवड्यातून दोन दिवस तुमच्याकडे येतील आणि त्यांच्या मागे एक प्राध्यापक असेल. परिषदेत तुमच्या कास्टिंगला दुसऱ्या दिवशी पाऊण तास मिळेल. कापलेला नमुना टेबलावर, टिंबांचा नकाशा भिंतीवर आणि समोर तज्ज्ञ. प्रश्न विचारायला तुमचे सुपरवायझर. त्यासाठी तुमच्या दोन माणसांचा प्रवेश आणि जेवण यातच आहे. मालकांनी यावेच, पण सँड मिल किंवा कोअर शॉप बघणारा माणूस आणला तर उपयोग जास्त होईल, हे अनुभवाने सांगते. फेब्रुवारी संपायच्या आत लेखी अहवाल मिळेल.

चाळीस हजारांत चार जण. हे फाउंड्रीवाले असण्याची गरज नाही. बेंटोनाइट, कोअर रेझिन, कोटिंग, थर्मोकपल, भट्टीचे लायनिंग, सँड प्लांट विकणाऱ्यांसाठी हा गट आहे. तुमचे गिऱ्हाईक त्या हॉलमध्ये बसलेले असेल: बारा कारखान्यांचे मालक आणि त्यांची शॉपफ्लोअरची माणसे. तुम्हाला दोन्ही दिवस टेबल, जेवणाच्या सुटीत अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक आणि येणाऱ्या कारखान्यांची यादी मिळेल. यादीत कारखान्याचे नाव आणि ज्यांनी संमती दिली त्यांचाच संपर्क असेल. तांत्रिक सत्रात बोलण्याची जागा मात्र मिळणार नाही, कितीही रक्कम दिली तरी. ज्या दिवशी व्यासपीठावरचा माणूस स्वतःची पावडर विकायला लागेल, त्या दिवसापासून फाउंड्रीवाले आमच्याकडे कास्टिंग आणायचे थांबतील आणि मग तुमच्या टेबलापुढेही कुणी येणार नाही.

एक लाखात एकच प्रायोजक, मुख्य. इथे मी कास्टिंग विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे, म्हणजे पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर आणि वाहनांचे भाग बनवणाऱ्यांकडे पाहते आहे. तुमच्या पुरवठादारांपैकी तीन कारखाने तुम्ही सुचवायचे. त्यांची तयारी असेल तर त्यांचे पंधरा हजार तुमच्या रकमेतून वळते होतील आणि आम्ही तुमच्याच पार्टवर काम करू. हे तीन कारखाने वरच्या बारांव्यतिरिक्त असतील, म्हणजे बारा ऐवजी पंधरा कारखाने होतील. अहवाल आधी पुरवठादाराला जाईल आणि त्याच्या लेखी संमतीनेच तुम्हाला मिळेल. ही अट आम्ही सोडणार नाही. रिजेक्शनचा आकडा गिऱ्हाइकाच्या हातात थेट पडणार असेल तर कुठलाही जॉबवर्कवाला खरा आकडा सांगणार नाही.

सगळ्यांना लागू असलेली एक सोय. रक्कम दोन हप्त्यांत द्यायची. निम्मी करार करताना, निम्मी अहवाल किंवा टेबल मिळाल्यावर. अहवाल ठरलेल्या मुदतीत दिला नाही तर दुसरा हप्ता देऊ नका. आमच्या प्राचार्यांनी याला लेखी मान्यता दिलेली आहे.

बॅनर असेल. एकच, प्रवेशद्वाराजवळ, सगळी नावे सारख्या आकारात.

विद्यार्थ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते पंधरा हजारांतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. तुम्ही फ्रेशर घेता तेव्हा वीस मिनिटांच्या मुलाखतीवर घेता. पहिल्या उन्हाळ्यात मेल्टिंगजवळ उभे राहिल्यावर त्याला कळते की हे काम आपल्याला झेपणार नाही, आणि तो पुण्याला निघून जातो. तोवर तुम्ही त्याच्यावर चार महिने घालवलेले असतात. आमची मुले दहा आठवडे तुमच्याच शॉपफ्लोअरवर असतील. कोण वेळेवर येतो, कोण मोल्डरशी नीट बोलतो, कुणाच्या वहीत आकडे खरे असतात आणि कोण घरी बसून भरतो, हे तुम्हाला दिसेल. शेवटच्या वर्षाच्या या विद्यार्थ्यांना नोकरी देण्याचा पहिला हक्क प्रायोजक कारखान्यांना १५ फेब्रुवारीपर्यंत राहील. त्यानंतरच त्यांची नावे इतर कंपन्यांसाठी खुली होतील. हा हक्क फक्त बोलणी करण्याचा आहे. मुलाने नाही म्हटले तर त्याच्यावर आमचा दबाव नसेल.

आम्ही काय करू शकणार नाही तेही आधीच सांगते. आमच्याकडे कास्टिंग सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर आहे, पण त्याचे लायसन्स शैक्षणिक वापराचे आहे. त्यावर तुमच्या पार्टचे गेटिंग डिझाइन करून देणे नियमात बसत नाही, आम्ही ते करणार नाही. रेडिओग्राफी आमच्याकडे नाही, त्यामुळे न कापता आतला दोष पाहता येणार नाही. दर आठवड्याला दोन-तीन रिजेक्ट कास्टिंग कापायला द्यावी लागतील. महिन्यातून एकदाच निघणाऱ्या पार्टवर हे काम होत नाही, दहा आठवड्यांत पुरेसे नमुने जमत नाहीत. आठवड्याला किमान शंभर नग निघणारा पार्ट निवडा. आणि बारापैकी प्रत्येक कारखान्यात कारण सापडेल असे मी म्हणणार नाही. गेल्या तीन वर्षांत आमच्या मुलांनी अशी सात कामे केली. त्यांतल्या चार ठिकाणी कारण सिद्ध करता आले, दोन ठिकाणी संशय एका जागी आणता आला आणि एका ठिकाणी हाती काही लागले नाही. त्या शेवटच्या ठिकाणी स्क्रॅपचा पुरवठादार मध्येच बदलला होता आणि ते आम्हाला उशिरा कळले.

तुमच्याकडून पैशाव्यतिरिक्त एक गोष्ट लागेल. आठवड्यातला एक तास, तुमच्या कुणातरी एका जबाबदार माणसाचा. तो तास मिळाला नाही तर मुले गेटवर ताटकळतात आणि वही कोरी राहते.

गुप्ततेबद्दल. तुमच्या कारखान्याशी स्वतंत्र करार होईल. त्यात पार्टचे ड्रॉइंग, गिऱ्हाइकाचे नाव, दर आणि रिजेक्शनची टक्केवारी बाहेर जाणार नाही असे लिहिलेले असेल, आणि त्यावर विद्यार्थ्यांचीही सही असेल. परिषदेत कारखान्याला क्रमांक असेल, नाव नाही. ज्यांना स्वतःच्या नावाने मांडायचे असेल त्यांनी तसे लिहून द्यावे.

कराबद्दल दरवर्षी विचारणा होते, म्हणून थोडक्यात लिहिते. तुमच्या सीएंना दाखवूनच निर्णय घ्या. आमची संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे. वर लिहिलेले तिन्ही प्रकार मोबदल्याचे आहेत, म्हणून ते प्रायोजकत्व आहे, देणगी नाही. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही कंपनी किंवा भागीदारी संस्था असाल तर तो रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा असतो, आणि नेहमीच्या अटींत बसत असेल तर त्याचे इनपुट क्रेडिट तुम्हाला घेता येते. मालकी हक्काचा व्यवसाय असेल तर आम्ही करासहित बिल देऊ.

सीएसआरमधून देतो असे काही मोठ्या कंपन्या म्हणतात. तसे करू नका. कंपनी कायद्याच्या सीएसआर नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआर खर्चात धरता येत नाही. लेखापरीक्षणात ते अडकेल आणि त्रास तुम्हाला होईल. ज्यांना खरोखर सीएसआरमधूनच द्यायचे आहे त्यांनी परिषदेचा विषय बाजूला ठेवून आमच्या सँड लॅबच्या उपकरणांबद्दल किंवा शिष्यवृत्तीबद्दल वेगळे बोलावे. त्यात टेबल नाही, अहवाल नाही, नोकरीचा पहिला हक्क नाही. आणि कुणाला काहीही न घेता नुसतीच देणगी द्यायची असेल तर तिची पावती वेगळी निघते. आभार म्हणून दात्याचे नाव लावले आणि त्यात व्यवसायाची जाहिरात नसेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे.

स्मॅक, गोशिमा आणि मॅकच्या पदाधिकाऱ्यांना माझी वेगळी विनंती आहे. तुमच्याकडून संघटना म्हणून पैसे मागत नाही. ज्या कारखान्यात क्वालिटीला स्वतंत्र माणूस नाही, मालकच सकाळी पावडर मोजतात आणि संध्याकाळी डिस्पॅच बघतात, अशा सभासदांपर्यंत हे पत्र पोचवा. मोठ्या फाउंड्रींकडे स्वतःची लॅब आणि मेटलर्जिस्ट असतात. बारा जागांपैकी सात आम्ही पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांसाठी राखून ठेवल्या आहेत. ज्यांना पंधरा हजार दोन हप्त्यांतही जड वाटतात त्यांनी तसे मोकळेपणाने सांगावे, तीन हप्ते करता येतील.

३० सप्टेंबरपर्यंत कळवावे ही विनंती. तारीख पुढे नेता येणार नाही. मुलांचे वेळापत्रक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागते, आणि मध्ये दिवाळी आली की दहाचे आठ आठवडे होतात. विभागाचे कार्यालय रविवार सोडून रोज अकरा ते पाच उघडे असते. ब्रोशर छापलेले नाही. येताना एक रिजेक्ट झालेले कास्टिंग आणि गेल्या तीन महिन्यांचे रिजेक्शन रजिस्टर घेऊन या. लॅबमध्ये बसून ते पाहू आणि हा पार्ट दहा आठवड्यांच्या कामाला योग्य आहे का ते त्याच दिवशी सांगू. योग्य नसेल तर तेही सांगू, आणि त्या दिवसाचे कुणी काही देणे लागत नाही.

आपली विश्वासू,

परिषद समन्वयक,
यंत्र अभियांत्रिकी विभाग